शिक्रा की पावशा? फोटोतल्या पक्ष्याला नाव कसं मिळतं

पक्ष्याचा स्पष्ट फोटो मिळाला की ओळखीचं निम्मं काम झालं, असं आपण धरून चालतो. खंड्या, हुदहुद किंवा मोर यांच्या बाबतीत ते खरंच आहे. त्यांच्या फोटोला नाव द्यायला कोणाला पुस्तक उघडावं लागत नाही. पण काही पक्षी असे आहेत की फोटो जितका स्वच्छ, तितकी चूक ठाम होते. पावशा हा त्यांतला सर्वांत बोलका नमुना. मोबाइल हातात असलेल्या एखाद्या लहान मुलीला हा पक्षी दिसला, तर त्याच्या नावापर्यंत पोचण्यासाठी तिला कॅमेऱ्याइतकीच घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाची गरज पडते. फोटो आणि आठवण हे दोन वेगळ्या जातीचे पुरावे आहेत. दोन्हींना मर्यादा आहेत, आणि ते एकमेकांवर तपासून घेतले तरच ओळख पक्की होते.

यासाठी एक कल्पित गोष्ट घेऊ. जूनचा पहिला आठवडा आहे, गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, अजून पाऊस लागलेला नाही. दहा वर्षांची मुलगी घरामागच्या आंब्यावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढते. पाठ राखाडी, छाती तांबूस, पोटावर आडव्या फिकट तपकिरी रेघा, लांब शेपटीवर गडद पट्टे, डोळ्याभोवती पिवळं कडं. पक्ष्यांच्या पुस्तकातली चित्रं चाळून ती सांगते, ‘आजी, हा शिक्रा आहे.’ तिचं निरीक्षण चोख आहे. यातली जवळपास प्रत्येक खूण शिक्र्यालाही लागू पडते, अंगचणही साधारण तेवढीच. आजी फोटो मोठा करून बघते आणि म्हणते, ‘अगं, पिल्लं उचलणाऱ्या पाखराची चोच अशी नसते.’ अंगणात कोंबड्या पाळलेल्या बाईला शिक्रा फार जवळून माहीत असतो. त्याची चोच आखूड, मुळापासूनच खाली वळलेली आणि मांस फाडण्याजोगी अणकुचीदार असते. तिच्या मुळाशी पिवळसर मऊ त्वचेचा भाग असतो आणि नाकपुड्या त्यातच असतात. फोटोतल्या पक्ष्याची चोच मात्र सडपातळ आणि बरीचशी सरळ आहे, फक्त टोकाशी किंचित वाकलेली.

इथे ओळखीची दिशाच बदलते. मुलगी साम्य शोधत होती. आजीने भेद शोधला. पक्षी ओळखण्यात भेदाचं वजन नेहमीच जास्त असतं. दहा खुणा दोन जातींना समान असतील, तर त्या दहा मिळूनही त्या दोघांत निवाडा करू शकत नाहीत. एकीतच असणारी एक खूण तो करते. पिवळे पाय दोघांना, पट्टेरी शेपटी दोघांना, दोनचार वेळा पंख मारून तरंगत जाण्याची ढबही दोघांना. निवाडा करणाऱ्या जागा दोनच: चोच आणि बोटं. शिक्र्याची तीन बोटं पुढे आणि एक मागे असते, नख्या लांब आणि पाय उंच. पावशा कोकिळेच्या कुळातला आहे, त्यामुळे त्याची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, पायही आखूड. पण या फोटोत बोटं पानांनी झाकलेली आहेत. म्हणजे सगळा भार एकट्या चोचीवर येतो, आणि तीही पक्षी बाजूने बसला होता म्हणून दिसली. तो समोर तोंड करून बसला असता, तर हाच फोटो कितीही मोठा केला तरी निरुपयोगी ठरला असता.

मुलीची पहिली ओळख चुकली, पण ती चूक याच पक्ष्याबद्दल बरंच काही सांगते. पावशा स्वतःचं घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात निळं अंडं घालते. सातभाईंची अंडीही निळीच. अशा परजीवी पक्ष्याचं रूप शिकारी पक्ष्यासारखं असेल, तर त्याला पाहून यजमान दचकतील आणि घरट्याजवळ पोचायला वाट मिळेल, असा तर्क फार जुना आहे. त्यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे: हे साम्य माणसाच्या डोळ्याला वाटतं, पाखरांना तसं वाटत असेल कशावरून? निकोलस डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन यांनी इंग्लंडमध्ये युरोपातल्या कोकिळेवर याची चाचणी घेतली आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बागेत दाणे ठेवलेल्या जागेजवळ त्यांनी पेंढा भरलेली कोकिळा, शिकारी पक्षी आणि निरुपद्रवी होला आळीपाळीने ठेवले. तिथे येणारी वल्गुलीसारखी लहान पाखरं होल्याला फारशी बिचकली नाहीत, पण कोकिळेला शिकारी पक्ष्याइतकीच भ्यायली. कोकिळेच्या पोटावरच्या रेघा झाकल्यावर ती भीती ओसरली. या पाखरांच्या घरट्यात ती कोकिळा अंडी घालत नाही. त्यामुळे त्यांना तिचा पूर्वीचा राग होता असंही म्हणता येत नाही.

हा प्रयोग पावशावर झालेला नाही, आणि त्याचा निष्कर्ष आपल्या आंब्यावरच्या पक्ष्याला जसाच्या तसा लावणं घाईचं ठरेल. तरी पुढच्या तुलनांत असं दिसलं आहे की वेगवेगळ्या प्रदेशांतल्या कोकिळांच्या रेघा त्या त्या प्रदेशातल्या शिकारी पक्ष्यांशी जुळतात. पावशा आणि शिक्रा यांचं साम्य याच सूत्रात बसतं. यातून आपल्या गोष्टीपुरता एक व्यावहारिक धडा निघतो. पक्षी आल्यावर सातभाईंनी कलकलाट केला म्हणजे तो शिकारी पक्षीच असला पाहिजे, असं मुलीला वाटणं साहजिक आहे. पण खरा शिक्रा असो वा शिक्र्यासारखा दिसणारा पावशा, कलकलाट दोघांसाठीही होऊ शकतो. जो पुरावा दोन्ही शक्यतांत सारखाच दिसतो, तो कितीही ठसठशीत असला तरी निवाड्याच्या वेळी बाजूला ठेवायचा असतो.

आजीकडे चोचीपेक्षाही मोठा पुरावा आहे आणि तो कोणत्याही फोटोत येत नाही. पेरणीच्या आधी, उन्हाळाभर, कधी भर दुपारी तर कधी चांदण्या रात्री ऐकू येणारी ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ अशी साद तिने आयुष्यभर ऐकली आहे. तीन तुकड्यांची ती साद पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी वर चढते, आणि सर्वांत उंच टोकाला पोचून एकदम तुटते. शिक्र्याचा आवाज याच्या जवळपासही नाही. तो तीक्ष्ण आणि दोन तुकड्यांचा असतो. आता विज्ञानाच्या बाजूने आक्षेप येईल की ही लोकसमजूत झाली, पुरावा कसला? उत्तर असं की आजीच्या बोलण्यात तीन वेगवेगळी विधानं आहेत आणि ती एकेकटी तपासता येतात. हा पक्षी पाऊस आणतो, हे पहिलं. पण साद मार्चपासूनच सुरू होते आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षीही चालू राहते, त्यामुळे ते टिकत नाही. तिचा संबंध पक्ष्याच्या विणीच्या हंगामाशी आहे. पावशा म्हणजेच चातक, हे दुसरं; तेही टिकत नाही, कारण चातक काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला वेगळा पक्षी आहे. ही साद पावशाची, हे तिसरं; आणि ते तंतोतंत खरं आहे.

तरीही आवाज ऐकला आणि पक्षी दिसला, एवढ्यावरून तो आवाज त्याच पक्ष्याचा ठरत नाही. साद पानांआडून येते आणि समोरच्या फांदीवर भलताच कोणी बसलेला असतो, असं नेहमीच घडतं. शिवाय कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची नक्कल करतो, म्हणजे आवाजही फसवू शकतो. म्हणून आजी आणि नात यांच्यासमोरचं पुढचं काम ठरलेलं आहे. पहाटे त्याच आंब्याखाली थांबायचं आणि सादेच्या प्रत्येक तुकड्यासोबत पक्ष्याची चोच उघडते का, गळा फुगतो का, ते बघायचं. ते दिसलं की आवाज आणि रूप यांची गाठ पहिल्यांदा पक्की बसते. आजीसाठीही हे नवं असू शकतं, कारण पावशाची साद जन्मभर ऐकूनही त्याला एकदाही न पाहिलेली माणसं गावोगाव आहेत. साद थांबल्यावर, म्हणजे हिवाळ्यात, तो तिथेच असूनही कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर सर्वांत व्यवहारी आक्षेप असा की फोटो एखाद्या जाणकाराला पाठवला तर तो क्षणात नाव सांगेल. मग एवढा खटाटोप कशाला? नाव मिळेल हे खरं. पण पुढच्या महिन्यांत याच झाडावर पावशाचं पिल्लू येईल. त्याची पाठ तपकिरी असेल आणि छातीपोटावर आडव्या रेघांऐवजी तपकिरी ठिपके असतील. शिक्र्याचं पिल्लूही असंच तपकिरी आणि ठिपकेदार असतं. ज्या मुलीने रंग आणि रेघा लक्षात ठेवून ‘पावशा’ हे नाव पाठ केलं, ती तिथे पुन्हा अडेल. जिने चोच आणि बोटं बघायची हे शिकून घेतलं, तिला पिल्लूही ओळखता येईल, कारण पिसांचे रंग वयाप्रमाणे बदलले तरी चोचीची ठेवण आणि बोटांची मांडणी बदलत नाही. शिवाय जाणकारासमोरही तोच फोटो असतो. पक्ष्याचं तोंड समोर आणि बोटं झाकलेली असतील, तर प्रामाणिक जाणकारालाही ‘सांगता येत नाही’ असंच म्हणावं लागेल.

म्हणून वहीत नोंद करताना नावासोबत आधारही लिहायला हवा: ‘पावशा, प्रौढ, आंब्यावर. चोच सडपातळ, टोकाशी किंचित वाकलेली. बोटं दिसली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर साद देताना पाहिला.’ तारीख, वेळ आणि गाव सोबत हवंच. या नोंदीतलं ‘बोटं दिसली नाहीत’ हे वाक्य सर्वांत मोलाचं आहे, कारण पुढे कोणाला शंका आली तर ओळख कशावर उभी आहे आणि कशावर नाही, ते त्यावरून कळतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात 942 जातींचा आढावा आहे, आणि तो देशभरातल्या तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. अशा नोंदींत पावशाची साद थांबल्यावरच्या महिन्यांत काही पावशे शिक्रे म्हणून लिहिले गेले, तर एक जात आहे त्याहून कमी आणि दुसरी जास्त दिसेल, आणि ही चूक आकड्यांत शोधून काढणं अवघड असेल. ती थांबवण्याची जागा झाडाखालीच आहे: नाव लिहिण्याआधी ‘हा दुसरा कोण असू शकेल, आणि तो नाही हे मला कशावरून कळलं?’ हे विचारण्यात. त्याचं उत्तर हाती नसेल, तर ‘शिक्रा किंवा पावशा’ एवढंच लिहावं. ती नोंद अपुरी दिसली तरी खरी असते, आणि पुढच्या माणसाला तिच्यावर काही उभारता येतं.