चेहरा तोच, अंतर वेगळं

सेल्फीत नाक मोठं दिसतं, त्यात कॅमेऱ्याचा बिघाड नसतो; ती भूमिती असते.

मोबाइल नाकाच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान साधारण ४२ सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे कानांच्या तुलनेत नाक ४० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून हा फरक जेमतेम ८ टक्के उरतो. गप्पा मारताना माणसं एकमेकांना साधारण तेवढ्याच अंतरावरून पाहतात. म्हणून सरळ, उंच नाकाची व्यक्ती प्रत्यक्षात जास्त देखणी वाटते. रुंद, चपट्या चेहऱ्याला मात्र जवळचा कॅमेरा फळतो: गाल मागे सरतात, चेहरा निमुळता दिसतो.

बोलता-हसता खुलणारे चेहरेही फोटोत हरतात, कारण तिथे एकच क्षण गोठतो. दोन मीटर मागे जाऊन झूम केलं, तर नाक जागेवर येतं. हालचाल मात्र व्हिडिओतच सापडते.