छापील किमतीतून कर वेगळा कसा काढावा?

तयार कपड्यांच्या चिठ्ठीवरील किंमत करासहित असते. बिल करताना तिच्यातून मूळ किंमत व जीएसटी वेगळे दाखवावे लागतात. येथे पुष्कळ दुकानदार बंधू छापील किमतीवरच शेकडा 5 काढतात. हा हिशेब चूक आहे, कारण कर मूळ किमतीवर लागतो.

समजा, कुर्त्याची किंमत 1050 रुपये आहे. 1050 ला 105 ने भागून 100 ने गुणावे. मूळ किंमत 1000 व कर 50 निघतो; 25 केंद्राचा, 25 राज्याचा. छापील किमतीवर काढल्यास 52.50 येतात. म्हणजे दर नगामागे अडीच रुपये दुकानदाराच्या खिशातून जादा जातात. सूट दिली असेल तर ती आधी वजा करून मगच भागाकार करावा.

22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के व त्यावर 18 टक्के कर आहे. ही मर्यादाही मूळ किमतीची आहे. 2600 च्या शेरवानीची मूळ किंमत 2476.19 येते, म्हणून तिला 5 टक्केच लागतात. 18 टक्क्यांच्या मालाला 118 ने भागावे.

शेवटी मूळ किमतीवर कर काढून मिळवावा. छापील आकडा परत आला, तर हिशेब बरोबर.