उपसर्ग जागचा हलत नाही

जर्मनच्या ए-वन वर्गात मी दरवर्षी एक सराव देते. प्रत्येक वाक्यात दोन रिकाम्या जागा आणि कंसात एक क्रियापद. पहिलं वाक्य आईचं: ‘माइनं मुटर ____ उम झेक्स ____’, कंसात ‘आउफश्टेएन’, म्हणजे उठणे. सगळे बरोबर लिहितात: ‘माइनं मुटर श्टेट उम झेक्स आउफ’, माझी आई सहाला उठते. चौथ्या वाक्यात आजी येते: ‘इश ____ हॉइटं माइनं ओमा ____’, कंसात ‘बेझूखन’, म्हणजे एखाद्याला भेटायला जाणे. इथे निम्मा वर्ग लिहितो, ‘इश झूखं हॉइटं माइनं ओमा बे.’ बरोबर उत्तर आहे ‘इश बेझूखं हॉइटं माइनं ओमा’, आणि दुसरी जागा कोरीच सोडायची. पण कोरी जागा कोरी ठेवायचा धीर परीक्षेत कुणाला असतो? (जर्मन शब्दांचे उच्चार देवनागरीत जवळपासचे आहेत, ‘झ’ मात्र झाडातला वाचावा.)

ही चूक निष्काळजीपणाची नाही. पाठ केलेला नियमच तिथे नेतो. नियम असा: मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी, उपसर्ग शेवटी. तो खोटा नाही. पण त्यातून मनात उभं राहणारं चित्र चुकीचं असतं, आणि त्याच चित्राची बाकीची पिल्लं पुढे त्रास देतात.

‘उपसर्ग तोडून शेवटी न्यायचा असतो’

उलट आहे. उपसर्ग कुठेच जात नाही. जातं ते क्रियापद.

जर्मन शब्दकोशात किंवा घरच्या कामांच्या यादीत ‘सहाला उठणे’ कसं लिहितात बघा: ‘उम झेक्स आउफश्टेएन’. सहाला, उठणे. मराठीसारखीच रचना, क्रियापद शेवटी. ‘आईला फोन करणे’ म्हणजे ‘माइनं मुटर आनरूफन’. पुन्हा तोच क्रम. आता याचं मुख्य वाक्य करायचं, तर जर्मनची एक अट आहे: ज्या रूपाला पुरुष-वचनाचा प्रत्यय लागतो, ते दुसऱ्या जागी आलं पाहिजे. मग ‘रूफन’ शेवटच्या खुर्चीवरून उठतं, ‘इश’साठी ‘रूफं’ होतं आणि पुढे येऊन बसतं. ‘आन’ला कुणी बोलावलेलं नसतं, म्हणून ते आहे तिथेच राहतं: ‘इश रूफं माइनं मुटर आन.’ भाषाशास्त्राचे बरेच अभ्यासक जर्मन वाक्याकडे असंच बघतात. शाळेतल्या व्याकरणात या दोन टोकांना मिळून ‘झाट्सक्लामर’ म्हणतात, म्हणजे वाक्याचा कंस. मार्क ट्वेनने १८८० सालच्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’च्या परिशिष्टात याच कंसाची यथेच्छ टिंगल केली आहे. पण तो इंग्रजीच्या बाजूने बघत होता. क्रियापद शेवटी ऐकायची सवय असलेल्या आपल्याला त्यात एवढं दचकण्यासारखं काही नाही.

हे चित्र एकदा बसलं की दोन नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. ‘मला सहाला उठावं लागतं’ हे वाक्य घ्या. दुसऱ्या जागेवर ‘मुस’ येऊन बसलं, जागा भरली. ‘श्टेएन’ला पुढे यायचं कारण उरलं नाही, त्यामुळे ते उपसर्गाला धरून शेवटीच राहतं: ‘इश मुस उम झेक्स आउफश्टेएन.’ तसंच ‘वाइल’ (कारण) लावून केलेल्या गौण वाक्यात क्रियापदाची पुढे यायची वाटच बंद होते: ‘वाइल इश उम झेक्स आउफश्टेए.’ जोडून, एकच शब्द. ‘मुस’ असलेल्या वाक्यातही जे लोक ‘श्टेएन आउफ’ असं तोडतात, त्यांच्या डोक्यात ‘उपसर्ग तोडायचा असतो’ हे वाक्य असतं. तोडायचा नसतो, क्रियापद उठलं तर तो मागे सुटतो, एवढंच.

एक सराव पायरीपायरीने

विस्कटलेले शब्द दिले आहेत: आम झाम्सटाग (शनिवारी), इश, माइनं मुटर, उम नॉइन (नऊला), आनरूफन. वाक्य करा. मी मुलांना आधी कर्ता बाजूला ठेवायला सांगते आणि उरलेलं मराठीच्या क्रमाने लिहायला: ‘आम झाम्सटाग उम नॉइन माइनं मुटर आनरूफन’. शनिवारी नऊला आईला फोन करणे. आता कर्ता पुढे आणि क्रियापद त्याच्या मागे:

‘इश रूफं आम झाम्सटाग उम नॉइन माइनं मुटर आन.’

शनिवारवर जोर हवा असेल तर शनिवार पहिला येतो. इथे दुसरा एक गैरसमज डोकं वर काढतो: दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द. ‘आम झाम्सटाग’ हे दोन शब्द असले तरी जागा एकच. ‘आम झाम्सटाग उम नॉइन’ अशी चार शब्दांची वेळ सांगितली तरीही जागा एकच. क्रियापद त्यानंतर येतं आणि कर्ता क्रियापदाच्या मागे सरकतो:

‘आम झाम्सटाग रूफं इश माइनं मुटर आन.’

‘आम झाम्सटाग इश रूफं’ असं लिहिलं की क्रियापद तिसऱ्या जागी पडतं. ही चूक माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त होते, आणि दोष उपसर्गाला दिला जातो, जो बिचारा शेवटी बरोबर बसलेला असतो.

आता नकार. ‘निश्ट’ कुठे? पुष्कळजण क्रियापदाशेजारी टाकतात: ‘इश रूफं निश्ट माइनं मुटर आन.’ ‘माझ्या आईला नाही, दुसऱ्या कुणाला’ असा अर्थ हवा असेल तर ते चालतं. साधा नकार हवा असेल तर ‘निश्ट’ उपसर्गाच्या अगदी आधी येतो: ‘इश रूफं माइनं मुटर निश्ट आन.’ मूळ क्रमात ‘निश्ट आनरूफन’ असं होतं. ‘रूफन’ निघून गेलं, ‘निश्ट’ आणि ‘आन’ मागे राहिले. वर सांगितलेलं चित्र इथेही उपयोगी पडतं.

‘आन, आउफ, आइन ही शब्दयोगी अव्ययंच आहेत’

दिसायला बरीच तशी आहेत, वागायला नाहीत. शब्दयोगी अव्ययाला लगेच पुढे एक नाम लागतं आणि त्या नामाची विभक्ती ते ठरवतं. उपसर्गाच्या पुढे त्याच्या हक्काचं असं काहीच नसतं. दोन्ही एकाच वाक्यात बघायची तर बसमध्ये चढा: ‘इश श्टाइगं इन देन बुस आइन.’ ‘इन’चं नाम ‘देन बुस’ लगेच हजर आहे. ‘आइन’ मात्र एकटाच टोकाला उभा आहे. ‘इन आलंच आहे, मग आइन कशाला’ म्हणून मुलं तो गाळतात आणि चढण्याचा अर्थ अर्धवट लटकतो.

‘आनरूफन’मध्ये हाच गोंधळ दोन वेगळ्या चुका घडवतो. एक, ‘आन’ आईच्या आधी सरकवणं: ‘इश रूफं आन माइनं मुटर.’ इंग्रजीत तसा तुकडा कर्माच्या आधी चालतो, म्हणून कानाला खपतो. जर्मनला खपत नाही. दुसरी चूक खास आपली. मराठीत ‘आईला’ फोन करतो, म्हणून ‘ला’ पाहून चतुर्थी लावली जाते: ‘माइनर मुटर’. जर्मनमध्ये आनरूफनला द्वितीया हवी: ‘माइनं मुटर’. ‘आन’ असो की ‘आइन’, उपसर्ग कर्माची विभक्ती ठरवायला येत नाही. ती पूर्ण क्रियापदाची खासियत असते आणि क्रियापदासोबतच शिकावी लागते.

‘शेवटी म्हणजे पूर्णविरामाच्या आधी’

शेवट वाक्याचा नाही, त्या उपवाक्याचा. ‘इश श्टेए उम झेक्स आउफ उंड माखं दास फेन्स्टर आउफ’: मी सहाला उठते आणि खिडकी उघडते. इथे ‘आउफ’ दोनदा आहे, आणि प्रत्येक ‘आउफ’ आपापल्या क्रियापदाच्या हद्दीच्या शेवटी. ‘इश फांगं मॉर्गन आन, डॉइच त्सू लेर्नन’ या वाक्यात (उद्यापासून मी जर्मन शिकायला सुरुवात करते) उपसर्ग चक्क मध्ये आहे, कारण स्वल्पविरामानंतर वेगळा तुकडा सुरू होतो. तुलनाही बहुधा उपसर्गाच्या पलीकडे टाकतात: ‘झी श्टेट फ्रूअर आउफ आल्स इश’, ती माझ्यापेक्षा लवकर उठते.

आजीकडे परत

‘बे’ का सुटत नाही? काही उपसर्ग कधीच सुटत नाहीत: बे, गे, एर, फेर, त्सेर, एंट, एम्प, आणि बहुधा मिस. ही यादी पाठ करावी, छोटी आहे. पण यादीपेक्षा कान जास्त कामाला येतो. ‘आउफश्टेएन’मध्ये आघात ‘आउफ’वर पडतो, ‘फेरश्टेएन’ (समजणे) म्हणताना ‘श्टे’वर. आघात उपसर्गावर असेल तर तो सुटतो. नसेल तर क्रियापद त्याला घेऊनच उठतं: ‘इश फेरश्टेए दिश’, मला तुझं समजतं.

खरी गंमत ‘उम’, ‘उबर’, ‘दुर्श’, ‘उंटर’ यांची. हे दोन्हीकडचे आहेत. ‘एर फेर्ट दास शिल्ड उम’ म्हणजे तो पाटीवर गाडी घालून ती पाडतो. ‘एर उमफेर्ट दास शिल्ड’ म्हणजे तो पाटीला वळसा घालून जातो. पहिल्यात आघात ‘उम’वर, दुसऱ्यात ‘फेर्ट’वर. मुख्य वाक्यात ‘उम’ची जागाच अर्थ सांगते, म्हणून तिथे अडचण नाही. अडचण ‘मुस’ असलेल्या वाक्यात येते: ‘दू मुस्ट दास शिल्ड उमफारन’. पाटी चुकवायची की पाडायची, हे त्या ओळीवरून कागदावर कळत नाही. म्हणून हे वाक्य मी वर्गात कधीच लिहून देत नाही. उभं राहून मोठ्याने म्हणायला लावते, आणि पाटीचं काय झालं ते बाकीच्यांनी सांगायचं.