रंग चढवण्याआधी वायरी उतरवा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रंगकामाचा विषय निघाला, तेव्हा सभेत तीन-चार रंगसंगती फोटोवर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत. मोबाइलवर समोरून फोटो काढला आणि थेट रंग भरायला बसलो. भिंत निवडायला गेलो, तर निवड केबलच्या वायरीपाशी येऊन थांबायची. दोन वायरी तिरक्या गेल्यामुळे एकाच भिंतीचे पाच तुकडे झाले होते. प्रत्येक तुकडा वेगळा रंगवला, तरी वायरीच्या कडेने जुन्या रंगाची मळकट किनार उरलीच. तोच फोटो पेन्सिल-चित्रासारखा करून पाहिला, तर वायरी काळ्या रेघा होऊन भिंतीवर उमटल्या. सेक्रेटरी काकांनी पाहताक्षणी विचारलं, "ही भेग कधी पडली?"

फोटो आधी साफ का करायचा, याचं उत्तर त्या प्रश्नात आहे. फोटोचं रूप बदलणारा प्रोग्राम कडा बघतो. वायर कुठली, भेग कुठली आणि सज्जाची रेघ कुठली, हे त्याला कळत नाही.

साफसफाईची निम्मी कामं मात्र रस्त्यावरच उरकतात. वायर खांबावरून, म्हणजे आपल्याजवळून गेलेली असते आणि भिंत मागे लांब असते. दोन पावलं डावीकडे सरकलं की वायर भिंतीवर भलतीकडे दिसते आणि तिच्यामागे दडलेला भाग मोकळा होतो. म्हणून असे तीन-चार फोटो घेऊन ठेवावेत. गाड्यांचं उलटं. रविवारी सगळ्या दारात असतात. कामाच्या दिवशी अकराच्या सुमारास बऱ्याचशा गेलेल्या असतात. आकाश थोडं ढगाळ असेल तर उत्तम, कारण कडक उन्हात वायरीची सावलीही भिंतीवर पडते. वायर पुसली आणि सावली राहिली, तर पुन्हा भेगच.

मी जिंप वापरतो. तो फुकट मिळतो. आधी उभ्या रेषा सरळ करून घ्याव्यात आणि वर एक रिकामा थर घेऊन Sample merged चालू ठेवावं. मग सगळी दुरुस्ती त्या थरावर होते, मूळ फोटोला धक्का लागत नाही. सपाट भिंतीवर Heal चांगलं चालतं. Ctrl दाबून जवळच्या स्वच्छ भिंतीवर क्लिक करायचं आणि वायरीपेक्षा थोडा जाड ब्रश तिच्यावरून फिरवायचा. वायर झोळ खाऊन लटकते, म्हणून लहान लहान टप्प्यांत जावं. Heal भिंतीचा पोत उचलतं आणि रंगछटा आजूबाजूशी मिसळून टाकतं. हाच गुण खिडकीच्या चौकटीपाशी दोष ठरतो: चौकटीचा गडदपणा भिंतीत ओघळतो, काजळ पसरल्यासारखा. तिथे Clone घ्यावं, ब्रशची कड कडक ठेवावी आणि त्याच चौकटीवर थोडं पुढे Ctrl-क्लिक करावं, म्हणजे रेघ तुटत नाही. वायर जाळीवरून गेली असेल, तर पुसत बसू नये. त्याच मजल्यावरची शेजारची स्वच्छ खिडकी उचलून तिथे बसवावी.

गाडी पुसणं त्याहून जबाबदारीचं काम, कारण तिच्यामागे जोतं असतं, पायऱ्या असतात. आमच्याकडे कव्हर घातलेली एक स्कूटर मंगळवारीही जागची हलली नव्हती. तिच्यामागे मी नुसती भिंत भरली. प्रत्यक्षात तिथे मीटरच्या खोलीचं दार होतं! बाजूने काढलेल्या फोटोतून ते दार आणून बसवावं लागलं. मागे काय आहे ते ठाऊक नसेल, तर जाऊन बघावं. अंदाजाने भरू नये. गाडीखालची सावलीही पुसावी, नाहीतर ती जोत्यावरच्या ओलीसारखी दिसते.

शेजारचे फलक, पत्रे, वाळत घातलेले कपडे काढावेत. शेजारची इमारत मात्र सबंध पुसू नये, फिकी करावी. आपला रंग तिच्या शेजारीच दिसणार आहे, आणि मोकळ्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर शोभलेला रंग तिथे शोभेलच असं नाही.

आणि जे इमारतीचंच आहे, त्याला हात लावू नये. पहिल्या खेपेला मी सांडपाण्याचे पाइप आणि एसीचे खोकेही पुसले होते. चित्र देखणं झालं, पण रंगाऱ्याने विचारलं, "पाइप रंगवायचे की नाहीत?" चित्रात ते नव्हतेच, मग त्यांचा रंग कोण ठरवणार? ते परत आणले.

शेवटी फोटो शंभर टक्के मोठा करून वरच्या थराचा डोळा उघड-मीट करून बघावा. भिंतीवरचा एकच डाग दोन ठिकाणी दिसला, तर Clone ची चोरी पकडली गेली म्हणून समजावं. आणि सभेत रंगवलेल्या चित्राशेजारी मूळ फोटो जरूर लावा. रंग बदलला तरी वायरी तिथेच राहणार आहेत, हे मत देण्याआधी सभासदांना दिसलं पाहिजे.