फोनने कार्ड बंद होतं, पैसे अर्जाने परत येतात

कार्डावरून आपण न केलेली खरेदी झाल्याचा मेसेज आला की माणूस आधी फोन उचलतो, आणि ते बरोबरच आहे. कार्डामागच्या क्रमांकावर फोन लावून कार्ड बंद केलं नाही, तर आणखी रक्कम जाऊ शकते. पण पुढे घोटाळा होतो. कॉल सेंटरमधली व्यक्ती ‘तुमचं कार्ड ब्लॉक केलंय’ म्हणते, आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि तक्रारही झाली असं धरून चालतो. कार्ड बंद करणं आणि झालेला व्यवहार नाकारणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याची नोंद झाली नसेल, तर महिन्याभराने बिलात ती रक्कम निमूट येऊन बसते.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती, हे दिवसांच्या हिशेबात सांगितलं आहे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने कधी कळवलं याला महत्त्व नाही; त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी माहिती फुटली, अशा वेळी मात्र दिवस मोजले जातात. बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा भार ग्राहकावर. सातच्या पुढे गेलात, तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेलं धोरण लागू. हे धोरण बँकेच्या संकेतस्थळावर असतं. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी त्याची ताजी प्रत उघडून पाहावी.

हे दिवस मोजायचे कसे, इथे बरेच जण अडखळतात. मेसेज मिळाला तो दिवस धरायचा नाही आणि आपली शाखा बंद असते ते दिवसही धरायचे नाहीत. समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेच्या क्रेडिट कार्डावर शुक्रवारी, 13 जून 2025 रोजी रात्री परदेशी संकेतस्थळांवर दोन खरेद्या झाल्या, एक 18,400 रुपयांची आणि दुसरी 9,750 रुपयांची. ओटीपी आलाच नाही. परदेशी दुकानदारांकडे असे व्यवहार अनेकदा ओटीपीशिवाय होतात, नुसता कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. मेसेज तेवढा आला. 14 जूनला दुसरा शनिवार, 15 ला रविवार. म्हणजे पहिला दिवस सोमवार, 16 जून, आणि तिसरा बुधवार, 18 जून. बुधवारपर्यंत कळवलं तर या 28,150 रुपयांतला एक रुपयाही बाईंना भरावा लागत नाही.

त्यांनी शुक्रवारी, 20 जूनला कळवलं असतं तर? तो पाचवा दिवस. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला कमाल भार दहा हजारांचा, पण तो दर व्यवहारामागे मोजतात. पहिल्या खरेदीचे दहा हजार, दुसरीचे पूर्ण 9,750, कारण ती मर्यादेच्या आतच आहे. एकूण 19,750 रुपये त्यांच्या अंगावर पडले असते आणि बँकेच्या वाट्याला फक्त 8,400 आले असते. दोन दिवसांच्या दिरंगाईची ही किंमत.

बाईंनी मात्र रात्रीच फोन करून कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक मागून घेतला आणि शनिवारी सकाळी नोंदवलेल्या ईमेलवरून अर्ज पाठवला. सोमवारी शाखेत त्याचीच छापील प्रत देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का द्यायला शाखेत कुणी कुरकुर केली, तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपावी. फोनवर काय बोललो याची नोंद बँकेकडे असते. अर्जाची तारीख आपल्या हातात राहते.

अर्ज लांबलचक नको. त्यांचा मजकूर असा होता: ‘माझ्या शेवटचे चार अंक अमुक असलेल्या कार्डावर 13 जून 2025 रोजी रात्री 18,400 आणि 9,750 रुपयांचे दोन व्यवहार झाले. ते मी केलेले नाहीत व त्यांना माझी संमती नव्हती. कार्ड माझ्याकडेच आहे. कार्डाचे तपशील, पिन किंवा ओटीपी मी कुणालाही दिलेला नाही. मेसेज मिळताच त्याच रात्री दूरध्वनीवरून कळवून कार्ड बंद केले, तक्रार क्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार कामकाजाच्या दहा दिवसांत, म्हणजे 26 जूनपर्यंत, ही रक्कम व्यवहाराच्या तारखेपासून गृहीत धरून परत जमा करावी. तक्रारीचा अंतिम निकाल 90 दिवसांत लेखी कळवावा. तोपर्यंत या रकमेवर व्याज किंवा दंड आकारू नये.’ सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले.

यात ‘व्यवहाराच्या तारखेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रक्कम मागच्या तारखेने जमा झाली तरच डेबिट कार्डवाल्याचं बचत खात्यातलं व्याज बुडत नाही आणि क्रेडिट कार्डवाल्यावर व्याज चढत नाही. दहा दिवसांत होणारी ही जमा तात्पुरती असते. चौकशीत उलटा निष्कर्ष निघाला तर बँक ती परत काढू शकते, म्हणून पैसे दिसले की प्रकरण मिटलं असं धरू नये; अंतिम निकालाचं पत्र मागावं. दरम्यान बिलातली निर्विवाद रक्कम वेळेवर भरत राहावं. सगळंच बिल अडवून धरलं, तर उरलेल्या रकमेवरचा दंड मात्र न्याय्य ठरतो.

शाखेत अनेकदा ‘आधी पोलिसांचा एफआयआर आणा, मग बघू’ असं ऐकू येतं. दहा दिवसांच्या मुदतीला परिपत्रकात अशी अट नाही. 1930 या हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार जरूर करावी, पैसा पुढे सरकण्याआधी थांबण्याची शक्यता त्यानेच वाढते. पण त्या कागदासाठी बँकेचा अर्ज अडवून ठेवू नये.

खरा वाद ओटीपीवरून होतो. ग्राहकाने स्वतःच तो कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून इथे तर तासाला किंमत आहे. अर्जात खोटं लिहू नये, पण न केलेली चूकही मान्य करू नये. शाखेत पुढे सरकवलेल्या छापील फॉर्मवर सही करण्याआधी ‘मी माहिती दिली’ अशा अर्थाचं वाक्य आत नाही ना, हे वाचून घ्यावं. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करणं बँकेचं काम, असं परिपत्रकच सांगतं. आसाममधल्या एका खातेदाराचे सुमारे 94 हजार रुपये गेले, त्याने 24 तासांच्या आत कळवलं होतं. ओटीपी त्यानेच दिला, असं स्टेट बँकेचं म्हणणं होतं. तरी गुवाहाटी उच्च न्यायालयाने रक्कम परत करायला सांगितलं आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा तिथे लागतो. ईमेल, तक्रार क्रमांक आणि शिक्का मारलेली प्रत तिथेच जोडायची.