१२० खुर्च्या, २०० नावे: मोफत कार्यक्रमाला नोंदणी किती घ्यावी?

सभागृहात १२० खुर्च्या आहेत. व्याख्यान विनामूल्य आहे, पण नाव आधी नोंदवायचे आहे. चार दिवसांत १२० नावे येतात आणि नोंदणी बंद होते. त्यानंतर फोन करणाऱ्या चाळीस-पन्नास जणांना ‘आता जागा नाही’ असे सांगितले जाते. प्रत्यक्ष संध्याकाळी माणसे येतात ६५. वक्ता अर्ध्या रिकाम्या सभागृहासमोर बोलतो, आणि ज्यांना खरोखर यायचे होते ते घरी बसलेले असतात.

मोफत कार्यक्रमांच्या आयोजकांना हे चित्र ओळखीचे आहे. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि न येण्यानेही काही जात नाही. त्यामुळे ‘नोंदवून तर ठेवू, जमलं तर जाऊ’ असा विचार करणारे पुष्कळ असतात. नोंदणी केलेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्मे लोक न येणे यात फारसे नवल नाही. यावरचा उपाय सरळ दिसतो: खुर्च्यांपेक्षा जास्त नावे घ्यायची. अवघड प्रश्न पुढचा आहे. जास्त म्हणजे किती?

सरासरी काढली की झाले?

एक कल्पित उदाहरण घेऊ. शहरातल्या एका ग्रंथालयाने गेल्या वर्षी सहा विनामूल्य व्याख्याने घेतली. पहिल्याला ८० नावे नोंदली गेली आणि ४६ जण आले. दुसऱ्याला १०० पैकी ५२, तिसऱ्याला ९० पैकी ५९, चौथ्याला ११० पैकी ४९, पाचव्याला १०० पैकी ६१ आणि सहाव्याला १२० पैकी ६३. एकूण ६०० नावांपैकी ३३० माणसे आली, म्हणजे येणाऱ्यांचे प्रमाण ५५ टक्के.

इथे बहुतेक जण थेट भागाकार करतात. १२० ला ०.५५ ने भागले की २१८ येतात, म्हणून २१८ नावे घ्यायची. गणित बरोबर आहे, निर्णय चुकीचा आहे. सरासरी म्हणजे साधारण निम्म्या वेळा त्याहून जास्त आणि निम्म्या वेळा कमी. २१८ नावे घेणारा आयोजक जवळपास दर दुसऱ्या कार्यक्रमाला दारातून माणसे परत पाठवण्याची तयारी करत असतो, फक्त ते त्याच्या लक्षात आलेले नसते.

थोडी संख्याशास्त्राची ओळख असलेला माणूस एक पाऊल पुढे जातो. प्रत्येक नाव म्हणजे एक नाणे, जे ५५ टक्के वेळा ‘येणार’ असे पडते, असे तो मानतो. मग २०० नावे घेतली तर १२० पेक्षा जास्त लोक येण्याची शक्यता किती, हे स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत निघते:

```
=1-BINOM.DIST(120,200,0.55,TRUE)
```

उत्तर येते सुमारे ७ टक्के. म्हणजे पंधरा कार्यक्रमांत एखाद्या वेळी गर्दी जास्त होईल. हे ऐकायला बरे वाटते, पण या सूत्रामागे एक गृहीतक लपलेले आहे: प्रत्येक माणूस स्वतंत्रपणे येण्या-न येण्याचे ठरवतो.

माणसे एकटी गैरहजर राहत नाहीत

जुलैतल्या संध्याकाळी पाच वाजता पाऊस कोसळू लागला की तो एकाच माणसावर पडत नाही. भारताचा क्रिकेट सामना शेवटच्या षटकांत रंगला, लोकल खोळंबली, दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या परीक्षा सुरू होत असल्या, तर नोंदणी केलेल्या सगळ्यांवरच परिणाम होतो. उलटही घडते. सकाळच्या वर्तमानपत्रात वक्त्याची मुलाखत छापून आली, तर येऊ की नको अशा विचारात असलेले सगळेच येतात. शिवाय एकाच फोनवरून चार नावे नोंदलेली असतात. ते कुटुंब आले तर चौघे येते, नाही तर एकही नाही. नाणी सुटी नसतात, मुठीने पडतात.

म्हणूनच ग्रंथालयाच्या आकड्यांत सरासरीपेक्षा पसारा जास्त बोलका आहे. सर्वांत कमी हजेरी ४४.५ टक्के होती आणि सर्वांत जास्त ६५.६ टक्के.

हा पसारा हिशेबात धरायला सूत्राची गरज नाही. गेल्या वर्षीच्या सहाही संध्याकाळी पुन्हा घडवून बघायच्या. या वर्षी २०० नावे घेतली आणि हजेरीचे प्रमाण त्या-त्या संध्याकाळसारखेच राहिले, तर किती माणसे येतील? उत्तरे अशी येतात: ११५, १०४, १३१, ८९, १२२, १०५. सहापैकी दोनदा सभागृह ओसंडते, त्यातल्या एकदा अकरा माणसांनी. सूत्राने ‘पंधरात एकदा’ म्हटले होते. सहा कार्यक्रमांवरून नेमकी शक्यता सांगता येत नाही हे खरे, पण सूत्र फारच आशावादी होते हे मात्र दिसते.

हाच प्रयोग १९० नावांवर केला तर सर्वांत गर्दीच्या संध्याकाळी १२५ जण येतात, म्हणजे पाच जास्त. १८० नावांवर गर्दी जास्तीत जास्त ११८ पर्यंत जाते आणि कोणालाही परत पाठवावे लागत नाही. २१८ वर मात्र सहापैकी तीनदा जागा कमी पडते. तिन्ही वेळचे मिळून ४१ जण परत जातात.

रिकामी खुर्ची महाग की परत गेलेला माणूस?

१८०, १९० की २०० हे आता आकडे एकटे ठरवू शकत नाहीत. रिकामी खुर्ची वाईट दिसते, पण तिच्यामुळे कोणी दुखावत नाही. नोंदणी करून, दोन बस बदलून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवले तर तो पुन्हा येत नाही आणि इतरांनाही सांगतो.

परत गेलेला एक माणूस पाच रिकाम्या खुर्च्यांइतका वाईट, असे आयोजकाने ठरवले असे समजू. १८० नावांवर सहा संध्याकाळी मिळून ११९ खुर्च्या रिकाम्या राहतात आणि परत कोणी जात नाही, म्हणून नुकसानीचे गुण ११९. १९० नावांवर ९१ खुर्च्या रिकाम्या राहतात आणि पाच माणसे परत जातात, म्हणजे ९१ आणि २५ मिळून ११६. २०० वर ६७ रिकाम्या आणि १३ परत, म्हणजे १३२. १८० आणि १९० यांत इथे फारसा फरक नाही. पण परत गेलेल्या माणसाची किंमत दहा खुर्च्या धरली, तर १९० चे गुण १४१ होतात आणि १८० निर्विवाद पुढे जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमाला दहा हा आकडाही कमीच म्हणावा लागेल. महाविद्यालयाच्या आवारातल्या कार्यक्रमाला, जिथे परत जाणारा शेजारच्या वसतिगृहात जातो, तिथे तीनसुद्धा पुरे. नुसती १२० नावे घेण्याचा सावध मार्ग किती महागात पडतो तेही बघण्यासारखे आहे: त्याच सहा संध्याकाळी मिळून ३२० च्या आसपास खुर्च्या रिकाम्या.

विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात, मग आपण का नाही, असे इथे कोणी विचारेल. पण विमान कंपनीकडे भरपाईचे साधन असते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कंपनीने आधी स्वखुशीने जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात. कोणाला जबरदस्तीने मागे ठेवले आणि तासाभरात पर्यायी विमान दिले नाही, तर ठरलेल्या सूत्रानुसार पैसे द्यावे लागतात. मोफत व्याख्यानाच्या आयोजकाकडे देण्यासारखे काही नसते, म्हणून त्याने विमान कंपनीइतके धीट होऊ नये.

आकडा कुठे फसवतो?

सगळी भिस्त जुन्या नोंदींवर असल्यामुळे त्या नीट घेतलेल्या असाव्या लागतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सभागृहातली डोकी मोजणे. त्यात नोंदणी न करता आलेलेही मिसळतात आणि हजेरीचे प्रमाण फुगते. दारावर यादी ठेवून नावापुढे खूण करावी आणि बिननोंदणीचे लोक वेगळे मोजावेत.

दुसरी चूक उलट दिशेची आहे आणि सहज लक्षात येत नाही. सभागृह भरल्यावर दार बंद झाले तर नोंद ‘१२० आले’ अशीच होते. बाहेर उभे राहून परत गेलेल्या पंधरा नोंदणीकृत लोकांचा उल्लेखच राहत नाही. पुढच्या वर्षी त्या नोंदीवरून हजेरी कमी दिसते, आयोजक आणखी नावे घेतो आणि दारातली गर्दी वाढते. परत गेलेले लोक ‘आले’ म्हणूनच मोजायला हवेत.

एका प्रकारच्या कार्यक्रमाचे प्रमाण दुसऱ्याला लावणेही धोक्याचे. याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले आहे. २० जून २०२० रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा झाली. प्रवेश मोफत, नोंदणीला मर्यादा नाही. दहा लाखांहून अधिक मागण्या आल्याचे प्रचारयंत्रणेने सांगितले आणि बाहेरच्या जादा गर्दीसाठी वेगळे व्यासपीठही उभारले. सुमारे १९ हजार आसनांच्या त्या सभागृहात स्थानिक अग्निशमन विभागाने मोजलेली माणसे होती सुमारे ६,२००. साथीची भीती होतीच. शिवाय येण्याचा हेतूच नसलेल्या अनेक तरुणांनी समाजमाध्यमांवर ठरवून नावे नोंदवली होती. ग्रंथालयाचे ५५ टक्के अशा ठिकाणी निरुपयोगी असतात.

नियम बदलले तरी जुने प्रमाण बाद होते. आदल्या दिवशी ‘येणार नसाल तर कृपया नाव रद्द करा’ असा संदेश पाठवायला सुरुवात केली, तर यादी आधीच गाळली जाते आणि उरलेल्यांची हजेरी वाढते. पन्नास रुपये अनामत घेऊन दारावर परत दिले तर आणखीच वाढते. अशा वेळी ५५ टक्के धरून १८० नावे घेतली तर फजिती ठरलेली. पहिलाच कार्यक्रम असेल आणि जुनी नोंदच नसेल, तर ८० टक्के लोक येतील असे धरून १२० खुर्च्यांना १५० नावे घेणे पुरेसे आहे. काही खुर्च्या रिकाम्या राहतील, पण पहिली नोंद मिळेल.

त्या संध्याकाळी

अंदाज चुकलाच तर तो दारावर कसा सांभाळायचा, हे नोंदणीच्या वेळीच सांगावे लागते. ‘नोंदणी म्हणजे खुर्चीची हमी नाही, कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधीपर्यंत जागा राखून ठेवू’ एवढे वाक्य पुष्कळ काम करते. बीबीसीच्या स्टुडिओत होणाऱ्या मोफत कार्यक्रमांनाही जागांपेक्षा जास्त तिकिटे दिली जातात आणि प्रवेशाची हमी नसल्याचे आधीच सांगितलेले असते. दहा मिनिटे उरली की उरलेल्या खुर्च्या बाहेर थांबलेल्या बिननोंदणीच्या लोकांना द्यायच्या. ही रांग भरवशाची असेल तर नोंदणी १८० ऐवजी १७० वर थांबवली तरी सभागृह भरते.

शेजारची खोली आणि तिथे एक पडदा व ध्वनिवर्धक मिळत असेल, तर परत गेलेल्या माणसाची किंमत दहा खुर्च्यांवरून दोन-तीनवर येते आणि मग २०० नावे घ्यायलाही हरकत राहत नाही. मधल्या वाटेत खुर्च्या टाकणे किंवा लोकांना भिंतीकडेला उभे करणे हा मात्र पर्याय नाही. सभागृहाची क्षमता त्या वाटा मोकळ्या धरूनच ठरवलेली असते.