संचालकांचा विमा: नूतनीकरणाच्या ई-मेलमध्ये नेमके काय मागायचे?

कंपनीच्या निर्णयामुळे संचालकांवर दावा झाला, तर वकिलांचा खर्च आणि भरपाई देणारा विमा म्हणजे 'डी अँड ओ' पॉलिसी. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी हा विमा घेणे सेबीने १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक केले आहे. विम्याची रक्कम मात्र संचालक मंडळच ठरवते. म्हणून नूतनीकरणापूर्वीची घासाघीस महत्त्वाची.

स्वस्त हप्ता महाग कसा पडतो?

समजा, पुण्यातील एका कंपनीची मर्यादा १० कोटी, डिडक्टिबल १० लाख आणि हप्ता ८ लाख रुपये आहे. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक दाव्यात कंपनीने स्वतः सोसायची रक्कम. विमा कंपनी म्हणते, डिडक्टिबल २५ लाख करा, हप्ता ७ लाख होईल. वर्षाला वाचतो एक लाख. पण एका मोठ्या दाव्यात जादा जातात १५ लाख, म्हणजे १५ वर्षांची बचत. सहसा हे डिडक्टिबल कंपनी संचालकांचा खर्च भरून देते, तेव्हाच लागते. कंपनी दिवाळखोरीत गेल्यास संचालकाला थेट मिळणाऱ्या संरक्षणावर ते शून्य आहे ना, हे लेखी घ्यावे.

मर्यादा किती?

बहुतेक पॉलिसींत वकिलांचा खर्च मर्यादेतूनच वजा होतो. एका खटल्यावर तीन कोटी गेले, तर उरलेले सात कोटी वर्षभरातील सर्व दाव्यांसाठी आणि सर्व संचालकांसाठी मिळून असतात.

ई-मेल असा लिहा

"आमची पॉलिसी पुढील महिन्यात संपत आहे. २५ लाखांचे डिडक्टिबल आम्हाला मान्य नाही, कारण हप्त्यातील सवलत त्या प्रमाणात नाही. कृपया दोन पर्यायांचे दर द्यावेत: १० कोटी मर्यादा व १० लाख डिडक्टिबल, १५ कोटी मर्यादा व १५ लाख डिडक्टिबल. दोन्हींत संचालकांच्या थेट संरक्षणावर डिडक्टिबल शून्य असावे. वाढीव पाच कोटींनाही जुनीच 'कंटिन्युइटी डेट' लागू राहील, हे कळवावे. गेल्या पाच वर्षांचा दाव्यांचा तपशील सोबत जोडला आहे."

शेवटून दुसरी ओळ विसरू नका. वाढीव रकमेला नवी तारीख लागली, तर त्याआधी माहीत असलेल्या प्रकरणांसाठी ती रक्कम मिळत नाही.

नोटीस आली असेल तर?

ही पॉलिसी दावा ज्या वर्षी दाखल होतो, त्या वर्षी लागू होते. चूक कधी झाली यावर नव्हे. त्यामुळे नोटीस किंवा वादाची चाहूल असेल, तर चालू पॉलिसी संपण्याआधीच विमा कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल या भीतीने ती प्रस्ताव अर्जात लपवली, तर पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो.